सगळ्या वर्गाला म्हणता येईल अशी प्रार्थना

वर्गात अनेक धर्मांची मुलं असली की परिपाठाच्या प्रार्थनेला काही जण नुसते ओठ हलवतात. अडचण बहुतेक वेळा हाक मारण्यात असते. एका देवाचं नाव घेतलं की बाकीचे बाहेर राहतात. सगळी नावं ओळीने घेतली तरी देव न मानणाऱ्या घरातलं मूल उरतंच.

मराठीत यावर सोपा उपाय आहे. 'दे' म्हटलं की देणारा लागतो, 'राहो', 'लागो' म्हटलं की लागत नाही. म्हणजे 'प्रभू, आम्हाला सद्बुद्धी दे' याऐवजी 'आमची बुद्धी चांगल्या कामी लागो'. असं करून ही प्रार्थना तयार झाली:

आज आम्ही सगळे एकत्र आलो आहोत.
आमची बुद्धी चांगल्या कामी लागो.
आमच्या बोलण्याने कुणाचं मन न दुखो.
जे कुणी एकटं असेल, त्याच्याशेजारी आम्ही बसू.

१. एक ओळ शिक्षकांनी म्हणावी, मुलांनी मागून म्हणावी.
२. शेवटी दहा सेकंद शांतता ठेवा. ज्याला आपल्या देवाचं नाव घ्यायचं आहे, तो ते इथे मनात घेतो. वेळ कमी असला तर एखादी ओळ गाळा, ही शांतता नको.
३. मग थेट 'सुप्रभात' म्हणून पुढे जा.

हात जोडायला किंवा डोळे मिटायला सांगू नका, तीही सगळ्यांची पद्धत नसते. 'शांत उभे राहा' एवढं पुरे. एखादं मूल गप्प राहिलं तर सगळ्यांसमोर कारण विचारू नका.