सुटलेला कार्यक्रम पहिल्यापासून कसा पाहावा?

कार्यक्रम ९ चा आणि तुम्ही टीव्हीसमोर बसलात ९.२५ ला. घाईघाईने रिमोटवरचं मागे नेण्याचं बटण दाबता, चित्र मिनिटभर मागे सरकतं आणि अडतं. सुरुवात हातची गेली असं वाटतं. पण ती बहुतेक वेळा गेलेली नसते, फक्त ती त्या बटणात नसते.

मागे नेण्याचं बटण बॉक्सने स्वतःजवळ साठवलेलं तेवढंच दाखवतं. ही साठवण तुम्ही चॅनल लावल्या क्षणापासून सुरू होते आणि बऱ्याच बॉक्सांवर चॅनल बदलला की पुसली जाते. चालू कार्यक्रम सुरुवातीपासून दाखवणाऱ्या ‘स्टार्ट ओव्हर’ या सोयीचं तसं नाही. तिथे कार्यक्रम सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर आधीच साठत असतो आणि तुमच्यासाठी तो इंटरनेटवरून वेगळा पाठवला जातो. म्हणून डिशचा किंवा केबलचा सिग्नल कितीही चांगला असला तरी बॉक्सला इंटरनेट नसेल, तर ही सोय सहसा चालत नाही. पर्याय दिसेनासा झाला की मी सगळ्यात आधी बॉक्सचं वायफाय तपासतो.

आता कृती. चालू कार्यक्रमावर असतानाच रिमोटवरचं ओके किंवा माहितीचं बटण दाबा. खाली पट्टी येते, तिच्यात ‘स्टार्ट ओव्हर’, ‘सुरुवातीपासून पाहा’ किंवा मागे वळलेल्या बाणाचं चिन्ह शोधा. ते निवडलं की कार्यक्रम पहिल्यापासून लागतो. कार्यक्रम संपून गेला असेल, तर कार्यक्रमपत्रिका म्हणजे गाइड उघडा आणि डावीकडे, मागच्या वेळेकडे सरका. होऊन गेलेला कार्यक्रम असा नंतर पाहण्याच्या सोयीला कॅच-अप म्हणतात. जे पाहता येतं त्यावर बहुधा छोटं चिन्ह असतं. संपल्या संपल्या ते दिसलं नाही तर थोडं थांबा, काही सेवांवर कार्यक्रम यादीत यायला वेळ लागतो.

खरी गोम पुढेच आहे. अनेक सेवांवर कार्यक्रम कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे गाइडमधल्या घड्याळावरून ठरतं, पडद्यावर प्रत्यक्ष काय चाललंय त्यावरून नाही. समजा, आधीचा सामना १२ मिनिटं लांबला. गाइडमध्ये तुमची मालिका ९ ते १० आहे, प्रत्यक्षात ती ९.१२ ला सुरू होऊन १०.१२ ला संपली. तुम्ही कॅच-अप लावलंत तर पहिली १२ मिनिटं सामनाच दिसेल आणि शेवटी ऐन रंगात आलेला प्रसंग तुटेल. माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं होतं. खुनी कोण हे कळणार त्याच क्षणी पडदा काळा झाला आणि ती बिचारी रिमोट बिघडला म्हणून बॅटऱ्या बदलत बसली.

उपाय सोपा आहे. सुरुवातीची १२ मिनिटं पुढे ढकला. शेवटाकडे आलात की गाइडमध्ये जाऊन १० वाजताचा, म्हणजे पुढचा कार्यक्रम उघडा. त्याच्या पहिल्या १२ मिनिटांत तुमच्या मालिकेचा शेवट सापडतो. मात्र त्या पुढच्या कार्यक्रमाला कॅच-अपची परवानगी नसेल तर हा मार्ग बंद होतो. चित्रपट आणि खेळांच्या बाबतीत हक्कांच्या करारामुळे असं बरेचदा होतं. अशा वेळी गाइडमध्ये पुढे सरकून पुनःप्रक्षेपण शोधा. त्याला पाहण्यासाठी स्वतःची वेगळी मुदत मिळते.

मुदतीकडे लक्ष ठेवाच. बऱ्याच बॉक्सांवर ती ७ दिवसांची असते. बीबीसीची आयप्लेअर ही ऑनलाइन सेवा २००७ मध्ये आली तेव्हा तिथेही बहुतेक कार्यक्रम ७ दिवसच राहत, २०१४ मध्ये ते ३० दिवस झाले. मुदत संपायला एकच दिवस उरला असेल, तर अर्धा भाग आज आणि अर्धा उद्या असं ठेवू नका. उद्या तो यादीतून गेलेला असू शकतो.

ॲपवर सरळ थेट प्रक्षेपण उघडा आणि खालची रेषा पाहा. यूट्यूबवर ‘लाइव्ह’ या शब्दाजवळचा ठिपका लाल असेल तर तुम्ही थेट पाहत आहात, करडा असेल तर मागे आहात, त्यावर टिचकी मारली की पुन्हा थेट. रेषा मागे ओढताच येत नसेल, तर दाखवणाऱ्यानेच ती सोय बंद ठेवलेली असते, तुमच्या फोनचा दोष नाही.

काही सेवा कॅच-अपमध्ये जाहिराती पुढे ढकलू देत नाहीत. बटण दाबूनही चित्र पुढे जात नसेल तर जाहिरात संपू द्या आणि मग पुन्हा दाबून पाहा.