आजीच्या वाढदिवसाचा संदेश: चुका काढा, माया ठेवा

पुण्यात शिकणाऱ्या एका नातवाने गावी असलेल्या आजीसाठी लिहिलेला हा संदेश घेऊ:

"आज्जी तूला वाढदीवसाच्या हार्दीक शूभेच्छा. तू केलेले पुरणपोळी लई आठवते गं. आपले आशिर्वाद आमच्यावर असेच राहूदे. तु शंभर वर्ष जग आणी मला अशीच ओरडत रहा."

आधी कशाला हात लावायचा नाही ते ठरवा. 'आज्जी', 'लई', 'गं' आणि 'मला ओरडत' हे सगळं त्या घरातलं बोलणं आहे, त्यामुळे ते जसंच्या तसं ठेवायचं. "आदरणीय आजी, आपल्या पुरणपोळीचे स्मरण होते" असं केलंत, तर तो चौकातला फ्लेक्स होईल.

मग पाहा, आजीला हाक कशी मारली आहे. इथे सुरुवात 'तू'ने आहे आणि मध्येच 'आपले' आलं आहे. आशीर्वादाचं वाक्य बहुधा तयार संदेशातून उचललेलं असतं, म्हणून अशी गफलत तिथेच होते. 'तुझे' करा. घरात आजीला 'तुम्ही' म्हणत असतील, तर सगळीकडे 'तुम्ही' ठेवून बाकीचे शब्दही बदला: 'जग'चं 'जगा', 'अशीच'चं 'अशाच'.

आता लिंग-वचन. पोळी ती, म्हणून 'केलेली'. 'तुझे आशीर्वाद' अनेकवचनी, म्हणून 'राहू देत'. एकच हवा असेल तर 'तुझा आशीर्वाद असाच राहू दे'. दोन्हीकडे 'राहू' सुटं लिहायचं. वर्षं शंभर, तेव्हा 'वर्ष'वर अनुस्वार हवा. 'वर्षे'ही बरोबर आहे, पण बाकीचा संदेश बोलल्यासारखा असताना ते पुस्तकी वाटतं.

ऱ्हस्व-दीर्घाला सर्वांत जास्त वेळ जातो. एकाक्षरी 'तू' दीर्घ, पण त्याला प्रत्यय लागला की 'तुला', 'तुझे' ऱ्हस्व. इथे नेमकं उलटं झालंय. 'हार्दिक' धार्मिक, मासिकसारखाच, 'इक' ऱ्हस्व. 'शुभेच्छा' आणि 'आशीर्वाद' संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द असल्यामुळे मुळातलं ऱ्हस्व-दीर्घ कायम राहतं. 'दिवस'मधला 'दि' ऱ्हस्व. 'आणि' मात्र पाठच करावा: शेवटचा इकार दीर्घ लिहायच्या मराठी नियमाला तो अपवाद आहे. आज्ञार्थात 'रहा' आणि 'राहा' दोन्ही चालतात, इथे 'राहा' घेऊ. हाकेनंतर स्वल्पविराम द्या.

"आज्जी, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तू केलेली पुरणपोळी लई आठवते गं. तुझे आशीर्वाद आमच्यावर असेच राहू देत. तू शंभर वर्षं जग आणि मला अशीच ओरडत राहा."

पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, कारण आजीला बहुतेक कुणीतरी वाचूनच दाखवणार आहे. फोनच्या कीबोर्डने 'आज्जी'चं परस्पर 'आजी' तर केलं नाही ना, तेही बघा.