बोटीवरचं इंग्रजी: ॲक्सेंट राहू दे, आकडे नीट पोचू देत

हर्णै, दाभोळ, गुहागर पट्ट्यातली पोरं प्री-सी ट्रेनिंगला निघाली की भेटायला येतात आणि बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "काका, इंग्रजी येतं तसं, पण ॲक्सेंट नाय. चालेल ना?" काही जण तर आधीच मोबाईलवर व्हिडिओ बघून 'वॉटर'चं 'वॉडर' करून आलेले असतात. मी खलाशी म्हणून लागलो आणि पुढे परीक्षा देत चीफ ऑफिसरपर्यंत आलो. माझं इंग्रजी ऐकून आजही कुणीही सांगेल की हा गडी मुंबईच्या खालच्या अंगाचा आहे. ॲक्सेंटवाचून माझं कधी अडलं नाही.

आधी ऐकणारा कोण आहे ते बघा. कॅप्टन युक्रेनचा, सेकंड ऑफिसर फिलिपिनो, बंदरात वाट दाखवायला चढलेला पायलट चिनी नाहीतर तुर्की. अख्ख्या ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, जन्माने इंग्रजी बोलणारा एकही नाही. मग अमेरिकन ढब आणायची ती कुणासाठी? उलट त्या ढबीत अक्षरं गिळली जातात. 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी' होतं, 'थर्टी'चं 'थर्डी' होतं, आणि शाळेत पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या चिनी पायलटला ते पकडता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. बोट धक्क्याला लागत होती. ब्रिजवरून नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, अगदी पुढचं पाणी दिसत नाही, म्हणून पुढे उभा असलेला माणूस वॉकीटॉकीवर अंतर सांगत राहतो आणि पायलट त्यावर इंजिनाचं ठरवतो. त्या दिवशी आमच्याकडचाच एक चुणचुणीत पोरगा पुढे होता. त्याने व्हिडिओतल्यासारखं झोकात सांगितलं, "फिफ्टीन मीटर्स." शेवटचा 'न' वाऱ्यात गेला आणि ब्रिजवर ऐकू आलं फिफ्टी. पायलट निवांत. कॅप्टनला शंका आली, त्याने "से अगेन" म्हटलं. पोराने तेच, तसंच, फक्त जोरात आणि आणखी भरभर सांगितलं. बाजूला उभ्या असलेल्या बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, वॉकीटॉकी हातात घेतली आणि तुटक तुटक बोलला: "डिस्टन्स, वन-फाइव्ह मीटर्स. आय से अगेन, वन-फाइव्ह." लगेच इंजिन उलटं फिरवलं. बोसनचा उच्चार ऐकलात तर कुठल्याही इंग्लिश स्पीकिंग क्लासवाल्याने त्याला पहिल्या धड्यापासून शिकवायला घेतलं असतं.

बोसनने केलं ते नियमातलंच होतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरच्या संभाषणासाठी ठरावीक वाक्यं मंजूर केली, त्यांना एसएमसीपी म्हणतात. आकडे सुटे सुटे बोलायचे हे त्यात आहे. एकशे पन्नास म्हणजे 'वन-फाइव्ह-झीरो'. कोर्स १८२ असेल तर 'स्टिअर वन-एट-टू'. अपवाद एकच लक्षात ठेवा: सुकाणूच्या कोनाला 'पोर्ट फिफ्टीन', म्हणजे डावीकडे पंधरा अंश, असं सरळ म्हणतात. बहुतेक बोटींवर सुकाणू ३५ अंशांपलीकडे फिरतच नाही, त्यामुळे तिथे पन्नासचा घोळ व्हायची सोय नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातला 'थ्री'चा उच्चार चक्क 'ट्री' असा दिला आहे, 'थाउजंड'चा 'टाउजंड'. 'फाइव्ह'च्या शेवटी 'फ', 'नाइन'चं 'नायनर'. ज्या 'थ'साठी जीभ दातात धरून आपली पोरं आरशापुढे उभी राहतात, तो वायरलेसवर काढूनच टाकला आहे.

ही काही फक्त बोटीवरची सोय नाही. मनरो आणि डरविंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये मँडरिन मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी इंग्रजी भाषकांना ऐकवलं, ऐकलेलं लिहून घेतलं आणि उच्चार किती परका वाटतो तेही विचारलं. ज्यांचा उच्चार फार परका वाटला, त्यांचंही बोलणं कितीतरी वेळा शब्दन्‌शब्द बरोबर लिहिलं गेलं होतं. परका वाटणं आणि न कळणं ही दोन वेगळी मापं आहेत, आणि आपल्याला दुसऱ्यावर काम करायचं आहे.

त्यासाठी मराठी तोंडाला काय सुधारावं लागतं? फार नाही. एक म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. आपण ते हवा न सोडता म्हणतो, त्यामुळे परक्या कानाला 'पॅक'चं 'बॅक' आणि 'टेन'चं 'डेन' ऐकू येऊ शकतं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, 'पोर्ट' म्हणताना ती हलली पाहिजे. म्हणून 'फोर्ट' मात्र म्हणू नका, ओठ एकदा पूर्ण मिटू देत. दुसरं म्हणजे जोर. आपण सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो. 'फिफ्टीन'मध्ये 'टी' लांबवून 'न' पुरा करायचा, 'फिफ्टी'त जोर पहिल्या अक्षरावर ठेवून लगेच थांबायचं. शब्दाचा शेवट खायचा नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकसारखे येतात, 'थ' आपला मराठी येतो, त्याकडे निदान पहिल्या वर्षी बघूही नका. संदर्भाने ते निभावतं. आकड्याला मात्र संदर्भ मदत करत नाही, पंधराच्या जागी पन्नासही तितकाच खरा वाटतो.

कळतं की नाही हे तपासायची पद्धतही सांगतो, कारण इथे पोरं स्वतःला फसवतात. मित्राला "समजलं का?" विचारलं की तो हो म्हणणारच. त्यापेक्षा वहीत वीस संदेश लिहा, प्रत्येकात निदान एक आकडा घाला, उदाहरणार्थ 'डिस्टन्स फोर-झीरो मीटर्स' किंवा नांगराच्या साखळीची लांबी सांगणारं 'थ्री शॅकल्स इन द वॉटर'. ते मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि वही न बघितलेल्या माणसाला ऐकवून लिहून घ्या. शांत खोलीत नको. पावसाळ्यात पडवीच्या पत्र्यावर सर वाजत असताना ऐकवा, डेकवर याहून जास्त आवाज असतो. ऐकणारा शक्यतो मराठी नसावा, कारण आपल्या माणसाचा कान आपल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. दापोलीच्या हॉटेलात नेपाळी, बंगाली पोरं कामाला असतात, थोडंफार इंग्रजी समजणारा एखादा चहावर तयार होतो. मग चुकलेल्या शब्दांना खूण करा. बहुतेकांच्या खुणा त्याच दोन-तीन आवाजांवर गोळा होतात. तेवढेच घोटा.

एक मान्य करतो. इंटरव्ह्यूला काही ठिकाणी झकपक उच्चारावर भाळणारे लोक भेटतात, आणि क्रूझवर पाहुण्यांपुढे काम असेल तर तिथली अपेक्षा वेगळी असते. पण मालवाहू बोटीवर व्हीलला उभं केल्यावर बघतात ते एवढंच: 'पोर्ट टेन' अशी ऑर्डर आली की तुम्ही 'पोर्ट टेन' म्हणून परत बोलता का, आणि सुकाणू तिथे पोचल्यावर 'व्हील पोर्ट टेन' कळवता का. ऑर्डर नीट ऐकू आली नसेल तर अंदाजाने व्हील फिरवू नका, नुसतं 'येस सर'ही म्हणू नका. 'से अगेन' म्हणा. समोर कॅप्टन असला तरी म्हणा, त्याबद्दल कुणी रागवत नाही. न ऐकता 'येस सर' म्हणणाऱ्याला मात्र पुढच्या वॉचला व्हीलवरून काढलेलं मी पाहिलं आहे.