देहदात्यांच्या कृतज्ञता सोहळ्यात मनोगत: या चुका टाळा

विदर्भातल्या मेडिकल कॉलेजांत देहदात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार होतो, तेव्हा पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला तीन मिनिटं मनोगत सांगायचं असतं. समोर खेड्यातून एसटीने आलेली माणसं बसलेली असतात. शाल-श्रीफळापेक्षा आपल्या माणसाचं पुढे काय झालं, हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायची त्यांना आस असते. नेमकं इथेच विद्यार्थी घसरतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ओळख पटेल असा तपशील सांगणं. एका कार्यक्रमात एक मुलगी मनापासून बोलली, "आमच्या टेबलवरच्या शिक्षकांच्या गुडघ्यावर ऑपरेशनची जुनी खूण होती. त्या खुणेनेच आम्हाला सांध्याचा पहिला धडा दिला." टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक बाई तिच्याजवळ आल्या. "बेटा, थे आमचेच बाबा होते काय? आता कसे हायेत?" मुलीला उत्तर देता येईना, कारण ते तिला माहीतच नव्हतं. डिसेक्शन हॉलमध्ये देहाला नाव नसतं, क्रमांक असतो. शिवाय फॉर्मॅलिनने टिकवलेला देह लगेचच अभ्यासाला घेतला जातो असं नाही, तो बराच काळ जपून ठेवता येतो. यंदा सत्कार होणाऱ्या घरातला देह कदाचित अजून टेबलवर आलेलाही नसेल. म्हणून "तुमच्या वडिलांकडून मी शिकलो" हे वाक्य ऐकायला गोड असलं, तरी खोटं ठरू शकतं. "ज्यांनी ज्यांनी देह दिला, त्या सगळ्यांचे आम्ही विद्यार्थी आहोत" एवढंच म्हणा. खूण, वय, आजार, टेबल यांतलं काहीच नको.

मग सांगायचं काय? काय केलं ते नाही, काय कळलं ते सांगा. "कापलं", "उघडलं", "बाहेर काढलं", "बॉडी" हे शब्द आणि फॉर्मॅलिनचा वास, पहिल्या दिवशी आलेली चक्कर हे प्रसंग लाल पेनाने खोडा. "आम्ही हाताचं डिसेक्शन करून रक्तवाहिन्या वेगळ्या केल्या" हे वाक्य असं करून बघा: "पुस्तकात धमनी लाल आणि शीर निळी रंगवलेली असते. खऱ्या शरीरात असे रंग नसतात. धमनीची भिंत जाड, शिरेची पातळ आणि चपटलेली, हे आमच्या बोटांना देहदात्यांनी शिकवलं." गोष्ट तीच, पण आता समोरच्या आजीच्या डोळ्यांपुढे सुरी येत नाही. असा एकच धडा निवडा. पाच अवयवांची यादी वाचली की ते मनोगत राहत नाही, तोंडी परीक्षा होते.

दुसरी चूक इतकीच जुनी आहे: "यांनी कर्मकांड झुगारून देहदान केलं" असं कौतुक. काही दात्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण पुष्कळ घरांनी अग्नी देता आला नाही, राख सावडता आली नाही, हे दुःख गिळून फक्त त्या माणसाच्या इच्छेसाठी सही केलेली असते. तेरवी फोटोसमोर उरकलेली असते. त्यांच्यासमोर विधींना नावं ठेवू नका. "तुम्हाला शेवटचा निरोप तुमच्या रीतीने देता आला नाही, याची आम्हाला जाणीव आहे" हे वाक्य पाठ न करता, संथपणे बोला. अनेक घरांनी हे पहिल्यांदाच कुणाकडून ऐकलेलं असतं.

नावाआधीच्या शब्दाकडेही नीट लक्ष द्या. सरसकट "कै." लावू नका. आपल्याकडे बौद्ध घरं पुष्कळ आहेत, तिथे "कालकथित" म्हणतात. "त्यांचा आत्मा स्वर्गात पाहत असेल" हे वाक्यही त्यांच्या घरात बसत नाही. खात्री नसेल तर "दिवंगत" सगळ्यांना चालतं. नावं वाचायची असतील तर आदल्या दिवशी कार्यालयातून यादी घ्या आणि आडनावांचे उच्चार विचारून घ्या.

देहदानाला अवयवदान म्हणू नका. देह अभ्यासासाठी दिलेला असतो, अवयव रुग्णासाठी. नेत्रदान करूनही देहदान करता येतं, काही घरांनी दोन्ही केलेलं असतं.

दधीची ऋषींपासून सुरू होणारं व्हॉट्सअॅपवरचं तयार भाषण वापरू नका. दरवर्षी येणारे आणि मंचावरचे लोक ते लगेच ओळखतात. ज्यांना अर्धा तास बसून स्वतःची दहा वाक्यं लिहायचा कंटाळा येतो, त्यांनी माइकपाशी जाऊच नये. मान्यवरांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेलीच असतात, तुम्ही थेट कुटुंबीयांकडे वळा.

तीन मिनिटांना संथ बोललं तर साधारण तीनशे शब्द पुरतात. मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद हातात ठेवा, मोबाइल नको. तो धरून वाचलं की समोरच्याला वाटतं, पोरगा मेसेज बघतोय. आदल्या दिवशी भाषण एकदा उभं राहून, मोठ्याने, वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवा. मेसच्या काकूंना दाखवलं तरी चालेल. ऐकताना त्या जिथे अंग चोरतील, ते वाक्य काढून टाका.