जुन्या तळणीच्या तेलात ताजं तेल घालून भागत नाही

तळताना तेल साधारण १८० अंश सेल्सिअसला असतं. पदार्थातलं पाणी वाफ होताना तेलाचे रेणू तोडतं आणि मोकळी मेदाम्लं सुटतात. हवेतला ऑक्सिजन मेदाम्लांच्या दुहेरी बंधांवर हल्ला करतो. त्यातून बनणारी पेरॉक्साइड या तापमानाला टिकत नाहीत, फुटतात. त्यांचे तुकडे म्हणजे अल्डिहाइड. काही उडून जातात (डोळ्यांना झोंबणारं अ‍ॅक्रोलिन त्यातलंच), बाकीचे तेलात राहतात आणि तेलासोबत पदार्थात मुरतात. न उडणाऱ्या बिघडलेल्या रेणूंना ध्रुवीय संयुगं म्हणतात; तेल किती बिघडलं ते त्यांच्या प्रमाणावरून मोजतात. अनेक देशांत त्यांची मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता हिशोब पाहा. २४ टक्क्यांवर पोचलेलं पाऊण लिटर तेल उरलंय, त्यात ४ टक्क्यांचं पाव लिटर ताजं घातलं. मिश्रण १९ टक्क्यांवरच येतं, ताज्याच्या ४ टक्क्यांच्या जवळपासही नाही; म्हणजे ताजं तेलच वाया गेलं. शिवाय जुन्या तेलातली बिघडलेली संयुगं नव्या तेलाचं ऑक्सिडेशन लवकर सुरू करतात. गाळल्याने जळके कण निघतात, विरघळलेली संयुगं नाहीत.

लिनोलिक आम्लाचं प्रमाण जास्त असलेल्या सूर्यफूल, सोयाबीन तेलांत ४-हायड्रॉक्सिनोनेनल हा अल्डिहाइड बनतो. तो पेशींतल्या प्रथिनांना आणि डीएनएला चिकटून त्यांचं काम बिघडवतो. माणसांत वारंवार तापवलेल्या तेलाचा उच्च रक्तदाबाशी संबंध दिसला आहे; पण किती तेलाने किती धोका, हे सांगता येत नाही.

तेल दाट झालं, फेस बसेना, नेहमीपेक्षा कमी आचेवर धुरावलं, की टाकून द्या. नुसत्या रंगावर जाऊ नका.