संयोग, अपघटन की विस्थापन? वर्कशीट सोडवताना या चुका टाळा

वर्कशीटवर समीकरण दिलंय आणि अभिक्रियेचा प्रकार लिहायचाय, असं असलं की मुलं पहिल्यांदा बघतात उजवीकडे काय "बाहेर पडलं" ते, आणि सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात. हे घ्या:

`2Pb(NO3)2 → 2PbO + 4NO2 + O2`

ऑक्सिजन सुटा झाला म्हणजे कुणीतरी त्याला हाकललं, म्हणून विस्थापन, असं उत्तर हमखास येतं. पण हाकलणारा कुठाय? बाणाच्या डावीकडे एकटं लेड नायट्रेट आहे, बाकी कोणीच नाही. एकच पदार्थ तापवल्यावर तुटला आणि त्याचे तीन पदार्थ झाले, म्हणजे हे सरळ अपघटन. दोनच उत्पादितं हवीत असा काही नियम नाहीये, तीन पण चालतात.

म्हणून सवय अशी लावा की आधी डावीकडे किती प्रकारचे पदार्थ आहेत ते मोजायचं, मग उजवीकडे. प्रकार हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण दुसरी मोठी चूक म्हणजे सूत्राच्या आधीचा आकडा मोजणं. `2H2O2 → 2H2O + O2` मध्ये आधी 2 दिसला की "डावीकडे दोन आहेत" असं धरतात, पण तो आकडा समीकरण संतुलित करायला आलाय, पदार्थ एकच आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड. तसंच बाणाच्या वर `MnO2` किंवा तापवल्याची खूण Δ लिहिलेली असेल तर ती मोजायची नाही, उत्प्रेरक आणि उष्णता हे काही अभिक्रियाकारक नाहीत.

डावीकडे एकच पदार्थ आणि उजवीकडे जास्त, तर अपघटन. डावीकडे जास्त आणि उजवीकडे एकच, तर संयोग. एवढं करूनही संयोगात एक घोळ होतोच, तो म्हणजे "संयोग म्हणजे दोन मूलद्रव्यं जोडली जाणं" असं डोक्यात बसलेलं असतं. `CaO + H2O → Ca(OH)2` मध्ये दोन्हीकडे संयुगंच आहेत, तरी हा संयोगच. आणि `2SO2 + O2 → 2SO3` बघा, डावीकडे एक संयुग आणि एक मूलद्रव्य आहे म्हणून बरेच जण याला विस्थापन लिहून मोकळे होतात, पण उजवीकडे सुटं कोण झालं? कोणीच नाही, सगळे एकाच पदार्थात गेले.

विस्थापनाला माझ्या मते एकच खात्रीची खूण आहे: डावीकडे एक सुटं मूलद्रव्य आणि एक संयुग, उजवीकडेही एक सुटं मूलद्रव्य आणि एक संयुग, आणि सुटं मूलद्रव्य बदललेलं असतं. `Zn + CuSO4 → ZnSO4 + Cu` मध्ये आधी झिंक सुटं होतं, नंतर कॉपर. हे सगळ्यांना जमतं. अडतं ते इथे:

`2Na + 2H2O → 2NaOH + H2`

हायड्रोजन तर NaOH मध्ये पण आहे, मग तो बाहेर पडला कसा, असा प्रश्न येतो आणि तो बरोबरच आहे. पाणी `H–OH` असं लिहून बघा. सोडियमने पाण्याच्या प्रत्येक रेणूतल्या फक्त एका H ची जागा घेतली, OH तसाच राहिला आणि त्याच्याबरोबर NaOH झाला, आणि सुटलेले दोन H मिळून `H2` झाले. म्हणजे डावीकडे सुटं Na, उजवीकडे सुटा हायड्रोजन, विस्थापन.

आता दोन्हीकडे दोन-दोन पदार्थ आहेत पण सुटं मूलद्रव्य एकही नाही, जसं `NaCl + AgNO3 → AgCl + NaNO3`, तर ते दुहेरी विस्थापन, तिथे आयनांची अदलाबदल झालेली असते. वर्कशीटवर हा पर्याय वेगळा दिला असेल तर नुसतं "विस्थापन" लिहू नका.

आणि हे एक: `CH4 + 2O2 → CO2 + 2H2O`. डावीकडे सुटा ऑक्सिजन आणि संयुग आहे, पण उजवीकडे सुटं काहीच नाही, दोन्ही संयुगंच, म्हणून हे विस्थापन नाही, संयोग नाही आणि अपघटनही नाही. हे ज्वलन आहे. या तिघांपैकी कुठल्याच खान्यात न बसणारी समीकरणं असतात, त्यामुळे खूण जुळत नसेल तर ओढून ताणून बसवू नका, आधी मोजणी परत करा आणि तरी जुळलं नाही तर वर्कशीटवर चौथा पर्याय काय दिलाय ते बघा.