संकष्टीची सुकती: खुनाच्या छोट्या स्क्रिप्टची तयारी

पहिलं वाक्य लिहायच्या आधी खुनी कोण आणि तो नेमकं काय खोटं बोलतो, हे वहीत लिहून ठेवा. आमच्या दहा पानी स्क्रिप्टमध्ये आंबा बागायतदार अप्पा रात्री नऊच्या सुमारास बागेतल्या मांगरात मारले जातात. पुतण्या म्हणतो, ‘नऊ वाजता मी एकटाच होडी वल्हवत खाडी ओलांडून आलो, घराखालच्या पायऱ्यांना लागलो.’ खोटं एवढंच.

त्या वेळी सुकती, म्हणजे ओहोटी असते आणि पायऱ्यांपाशी नुसता चिखल, होडी तिथे लागूच शकत नाही. आता हे खोटं पाडणारा पुरावा पहिल्या दृश्यात पेरायचा. पौषातली संकष्टी, उपाशी आजी अंगणात चंद्राची वाट बघतेय. नात मोदकाला हात लावते, आजी तिच्या हातावर चापट मारते आणि खाडीकडे बघून म्हणते, ‘सुकती लागली गो, आता चंद्र येतलोच.’ मागे पायऱ्यांपाशी शेजाऱ्याची होडी चिखलात कलंडलेली. प्रेक्षक मोदकाला हसतो, होडी विसरतो. इथे क्लोजअप नको, संगीतही नको. दिग्दर्शकाला मोह होतोच, त्याला आधीच बजावा.

गणित मात्र तपासून घ्या. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला सुकती. पौषात संकष्टीचा चंद्रही नऊच्या आसपासच उगवतो, म्हणून हा महिना. खाडीत आत गेलं की भरती-सुकती उशिरा होते, तेव्हा जागा ठरल्यावर तिथल्या होडीवाल्याला विचारा.

उरलेल्या दोन संशयितांनाही खोटं बोलू द्या, पण वेगळ्या कारणाने. बाग करारावर घेतलेला दलाल अप्पांशी झालेलं भांडण लपवतो. गडी त्या रात्री दारू प्यायला गेला होता, ते लपवतो. दोघांपैकी कोणाचीही गोष्ट पाण्यावर अवलंबून नको, नाहीतर पुरावा तिघांवरही चालेल.

शूटिंगला संकष्टीच हवी असं नाही. पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा-बाराला भरती, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास सुकती, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप खाली जातं. तिन्हीसांजेच्या उजेडात चिखल स्पष्ट मिळतो, रात्रीचे दिवे लागत नाहीत. फक्त चंद्र पडद्यावर आणू नका. चतुर्थीला पूर्ण गोल दिसला तर गावातली बाई पहिल्यांदा तेच पकडेल.

शेवटी पाच जणांना वाचून दाखवा, त्यातले दोघे घाटावरचे असू देत. उलगड्याच्या आधी थांबा आणि खुनी कोण ते विचारा. पाचही जणांनी पुतण्या म्हटलं तर होडीचं वर्णन कमी करा. उलगडा ऐकून ‘होडी कधी दाखवली?’ असं कोणी विचारलं, तर आजीचं वाक्य मोदकाच्या चापटीआधी घ्या. आमच्या पहिल्या खर्ड्यात ते वर दिलंय तसं चापटीनंतर होतं आणि हशात बुडालं.